फुकट कामाला सभ्य नकार, आणि त्यामागचा तासांचा हिशेब

द्राक्ष बागायतदारांना खतं-औषधं पुरवणाऱ्या नाशिक भागातल्या एका कंपनीचा मला निरोप आला. बागायतदारांच्या मुलाखतींची मालिका करायची होती. महिन्याला चार भाग, प्रत्येक भाग वीस मिनिटांचा, शिवाय प्रत्येक भागातून मोबाइलवर उभे पाहता येतील असे तीन छोटे तुकडे. चित्रीकरण सुरू झालं होतं, एडिटिंग मी करावं अशी त्यांची इच्छा होती. व्यवहाराचं बोलणं शेवटच्या दोन ओळींत होतं: “सुरुवातीचे चार भाग आपण असेच करून द्यावेत. मालिका चालली की तुमचंही नाव होईल, मग पुढचं बसून ठरवू.”

स्वतंत्रपणे व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्या बहुतेकांना असे निरोप येतात. कधी ते लघुपटासाठी असतात, कधी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी, कधी एखाद्या नव्या पॉडकास्टसाठी. ओळखीतून आले तर नाही म्हणणं आणखी अवघड जातं. मग काहीजण उत्तरच देत नाहीत. काहीजण हो म्हणतात आणि महिनाभर मनातल्या मनात कुढत काम करतात. काही चिडून दोन शब्द सुनावतात, आणि पुढे पैसे देऊ शकला असता असा माणूस कायमचा तुटतो. माझ्या मते या जागी एका पानाचं पत्र लिहावं. त्यात फुकट कामाला स्पष्ट नकार असावा आणि लगेच पुढे योग्य दराचा प्रस्ताव असावा. पण असं पत्र नुसत्या गोड शब्दांवर उभं राहत नाही. त्याखाली तासांचा हिशेब लागतो. तो आधी सांगते, पत्र नंतर.

त्या कंपनीची नियत वाईट होती असं मला वाटत नाही. कॅमेरामनला त्यांनी दिवसाप्रमाणे पैसे दिले होते, गाडीचं भाडं दिलं होतं, कॉलरला लावायचे माइक भाड्याने आणले होते. बागेत उभं राहून ज्याचं काम डोळ्यांना दिसलं त्या प्रत्येकाला मोबदला मिळाला होता. एडिटिंग मात्र नंतर, बंद खोलीत होतं. बाहेरच्या माणसाला दिसतात ती तयार झालेली वीस मिनिटं. वीस मिनिटांच्या गोष्टीला फार तर दोन-तीन तास लागत असतील, असा त्याचा प्रामाणिक समज असतो. फुकट मागण्यामागे बऱ्याचदा हाच समज असतो, म्हणून पत्राने पहिल्यांदा तोच दूर करायला हवा.

एका भागाला खरोखर किती वेळ लागतो ते पाहू. मुलाखत सत्तर मिनिटांची आहे. दोन कॅमेरे आहेत आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला आहे. फोर-के चित्रीकरण सेकंदाला १०० मेगाबिट या दराने केलं असेल, तर एका कॅमेऱ्याचं तासाभराचं फुटेज सुमारे ४५ जीबी भरतं. दोन कॅमेऱ्यांची सत्तर मिनिटं म्हणजे साधारण १०५ जीबी. त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर ठेवायच्या, कारण एक डिस्क बिघडली तर तो शेतकरी, तो हंगाम आणि ती बाग पुन्हा उभी करता येत नाही. प्रती करणं आणि प्रत्येक फाइल उघडून तपासणं यात एक तास जातो. त्यानंतर दोन्ही चित्रं आणि आवाज एकमेकांशी जुळवायचे, यासाठी अर्धा तास. सुरुवातीला सगळं नीट जुळलेलं दिसतं, पण दोन यंत्रांची घड्याळं अगदी एकसारखी चालत नाहीत. लांब रेकॉर्डिंगच्या शेवटी आवाज दोन-तीन फ्रेम पुढे किंवा मागे गेलेला असू शकतो. तो पकडायचा तर शेवटच्या मिनिटांत बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहायचं. प, ब, म म्हणताना ओठ मिटतात. ते मिटणं आणि ऐकू येणारं अक्षर एका वेळी आलं पाहिजे.

पुढे पूर्ण मुलाखत ऐकायची आणि खुणा करायच्या. मधूनमधून थांबावं लागतं, म्हणून सत्तर मिनिटांना दोन तास लागतात. ऑक्टोबर छाटणीबद्दल शेतकरी एकदा दहाव्या मिनिटाला बोलतो, पुन्हा पस्तिसाव्याला, आणि सगळ्यात नेमकं बोलतो ते निघता निघता, साठाव्या मिनिटाला. कुठला तुकडा ठेवायचा आणि तो कुठे नेऊन बसवायचा, हे ठरवणं म्हणजेच एडिटिंग. बाकी सगळं त्याच्या सेवेला असतं. या निवडीतून पहिला कच्चा जोड तयार होतो, त्याला चार तास. तो तीस-पस्तीस मिनिटांचा भरतो आणि मधे मधे अडखळतो. त्याला वीस मिनिटांवर आणायचं, वाक्यांमधला श्वास राखायचा, जिथे कापलं तिथे चेहऱ्याची उडी दिसू नये म्हणून वर घडांची, पानांची, हातातल्या कात्रीची दृश्यं ठेवायची. यालाही चार तास.

बागेतल्या आवाजाचा त्रास वेगळा असतो. वारा माइकवर आदळला की खाली एक घरघर बसते. खालच्या पट्टीतला आवाज गाळून ती बरीच कमी करता येते. पण मागे फवारणीचा ब्लोअर चालू असेल, तर तो माणसाच्या आवाजाच्या पट्टीतच मिसळलेला असतो आणि पूर्ण निघत नाही. रेकॉर्डिंग करतानाच आवाज फाटला असेल, तर त्यावर खात्रीचा इलाज नाही. म्हणून मी होकार देण्याआधी पाच मिनिटांचा कच्चा आवाज मागून घेते. आवाजाला दोन तास धरायचे. रंगाला दीड तास, कारण दोन कॅमेऱ्यांचे रंग सहसा जुळत नाहीत. त्यात वेलीच्या मांडवाखाली पानांतून झिरपलेला हिरवा उजेड चेहऱ्यावर पडतो आणि माणूस आजारी दिसायला लागतो. शीर्षकं आणि मराठी उपशीर्षकं यांना तीन तास. वीस मिनिटांच्या बोलण्यात अडीच हजारांच्या आसपास शब्द सहज असतात. ते ऐकून टंकायचे, ओळी वेळेवर बसवायच्या. शिवाय भुरी आणि डाउनीवरच्या औषधांची नावं आणि प्रमाणं कंपनीकडून तपासून घ्यायची. एक आकडा चुकला तर तो पाहून फवारणी करणाऱ्याचं नुकसान होतं. शेवटी फाइल काढून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायची, एक तास. बदलांसाठी दोन तास.

हे सगळं मिळून २१ तास होतात. तीन छोट्या तुकड्यांना प्रत्येकी एक तास धरला की २४. “सुरुवातीचे चार भाग असेच” याचा अर्थ ९६ तास. दिवसाला पाच तास प्रत्यक्ष कामाचे धरले, तर एकोणीस दिवसांहून अधिक. ती विनंती दोन ओळींची होती, आणि तिच्यात कामाचा जवळजवळ अख्खा महिना मागितलेला होता. हे त्यांच्या लक्षात आलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर तास मांडून पाहीपर्यंत बहुतेक एडिटरांच्याही ते लक्षात येत नाही.

आता तासाचा दर. इथे बरेचजण इतरांना विचारून आकडा ठरवतात. आजूबाजूचा दर माहीत असावा, पण आपला दर आपल्या खर्चावरून काढावा. घर चालवायला महिन्याला ३०,००० रुपये लागतात असं धरू, म्हणजे वर्षाला ३,६०,०००. संगणक आणि पडदा यांना १,४०,००० रुपये पडले आणि ते चार वर्षं टिकले, तर वर्षाला ३५,०००. डिस्क १५,०००. सॉफ्टवेअर आणि परवान्याचं संगीत २५,०००. वीज आणि इंटरनेट २०,०००. आरोग्य विमा १५,०००. धंद्याचा खर्च १,१०,००० झाला. काम नसलेल्या महिन्यांसाठी ३०,००० बाजूला ठेवले की एकूण गरज होते पाच लाखांची. हे आकडे उदाहरणाचे आहेत. ज्याने त्याने स्वतःचे घालावेत. मुंबईत भाड्याने राहणाऱ्याचा पहिलाच आकडा मोठा असेल.

पाच लाखांना किती तासांनी भागायचं, इथेच दर चुकतो. दिवसाचे आठ तास आणि वर्षाचे तीनशे दिवस धरले तर २,४०० तास होतात आणि दर दोनशेच्या जवळ येतो. पण त्या आठ तासांत फोन असतात, बिलं असतात, नवं काम शोधणं असतं, फाइल चढायची वाट पाहणं असतं. त्याचे पैसे कोणी देत नाही. प्रत्यक्ष बिलात लावता येतील असे तास वर्षाला हजार मिळाले तर वर्ष बरं गेलं म्हणायचं. हजाराने भागलं की तासाला ५०० रुपये. २४ तासांचा भाग १२,०००. आता पत्र लिहिता येतं.

मी पाठवलेलं पत्र, ओळख पटेल असे तपशील काढून, असं होतं:

“नमस्कार सर,

मालिकेसाठी माझी आठवण ठेवलीत, आभारी आहे. पाठवलेल्या दोन मुलाखतींतली काही मिनिटं पाहिली. मणी विरळणीबद्दल बोलणारे काका फार मोकळे बोलले आहेत, त्यांचा भाग चांगला होईल.

सुरुवातीचे चार भाग विनामोबदला करणं मला शक्य होणार नाही. एडिटिंग हेच माझं उत्पन्नाचं काम आहे. सत्तर मिनिटांच्या मुलाखतीतून वीस मिनिटांचा भाग, उपशीर्षकं आणि तीन छोटे तुकडे करायला मला साधारण २४ तास लागतात. चार भागांचे जवळपास १०० तास होतात.

हे काम योग्य दरात करायला मला आवडेल. माझा प्रस्ताव असा: उपशीर्षकं आणि तीन तुकडे यांसह एका भागाचे १२,००० रुपये. चार भाग एकत्र ठरवल्यास शीर्षकांची आणि रंगांची मांडणी एकदाच करावी लागेल, त्यामुळे प्रत्येक भागाला ११,००० रुपये. फक्त वीस मिनिटांचा भाग हवा असेल, उपशीर्षकं आणि तुकडे नको असतील, तर ९,००० रुपये.

माझं काम आधी पाहायचं असल्यास कोणत्याही एका मुलाखतीतून पाच मिनिटांचा नमुना २,५०० रुपयांत करून देईन. तो पुढे वापरायचा की नाही, हे आपण ठरवावं.

या दरात बदलांच्या दोन फेऱ्या धरल्या आहेत. एक फेरी म्हणजे आपल्याकडच्या एका व्यक्तीने वेळेच्या खुणांसह एकत्र पाठवलेली यादी. त्यापुढच्या बदलांना तासाला ५०० रुपये. पहिला जोड फुटेज मिळाल्यापासून सात दिवसांत देईन. निम्मी रक्कम कामाआधी आणि उरलेली अंतिम फाइल देताना मिळावी. कच्चं फुटेज काम संपल्यावर ६० दिवस माझ्याकडे राहील.

नामोल्लेख आणि माझ्या कामाच्या नमुन्यांत मिनिटभराचा तुकडा दाखवण्याची परवानगी मिळाली तर आनंद होईल.

शुक्रवारपर्यंत कळवलंत तर पुढच्या महिन्यातले दिवस राखून ठेवता येतील. आत्ता जमत नसेल तरी काही हरकत नाही, मालिकेला मनापासून शुभेच्छा.

आपली नम्र”

पत्रात नकाराचं वाक्य एकच आहे आणि ते दुसऱ्या परिच्छेदाच्या सुरुवातीलाच आहे. त्याआधी मी त्यांच्या कामातली एक खरी, पाहिलेली गोष्ट लिहिली. ती नसती तर आभार कोरडे वाटले असते. नकारानंतर मी घरची अडचण, तब्येत किंवा दुसऱ्या कामांची गर्दी यांपैकी काहीच लिहिलं नाही. “सध्या वेळ नाही” असं लिहिलं की समोरचा सरळपणे म्हणतो, मग पुढच्या महिन्यात करा. खोटं कारण दिलं की ते पुढे सांभाळत बसावं लागतं. खरं कारण लहान आणि सन्मानाचं आहे: हे माझं उत्पन्नाचं काम आहे.

‘नाव होईल’ या आमिषाला मी पत्रात उत्तर दिलं नाही, कारण वाद घालायचा नव्हता. पण इथे सांगायला हवं. पडद्यावर दिसणाऱ्या माणसाला प्रसिद्धीचा उपयोग होतो, कारण प्रेक्षक त्याचा चेहरा लक्षात ठेवतो. एडिटरचं नाव बघून कोणी भाग पाहत नाही, आणि चांगलं एडिटिंग तर प्रेक्षकाला जाणवतही नाही. एडिटरला पुढचं काम मिळतं ते दुसऱ्या निर्मात्याकडून, आणि तो निर्माता आधीच्या निर्मात्याला दोन गोष्टी विचारतो: काम वेळेवर दिलं का, आणि किती घेतले? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर तोच आपला बाजारातला दर ठरतो. नामोल्लेख आणि नमुना दाखवण्याची परवानगी मी मागितली खरी, पण ती मोबदल्याच्या सोबत, त्याच्या बदल्यात नाही.

बदलांच्या फेऱ्यांबद्दल एवढं काटेकोर का लिहिलं, असा प्रश्न पडेल. फुकट काम ओळखू येतं, पण पैसे ठरलेल्या कामातही फुकटचे तास शिरतात, आणि ते इथून शिरतात. जोड तयार झाला, त्यावर संगीत, रंग, उपशीर्षकं बसली, आणि मग निरोप येतो: “तिसऱ्या मिनिटातलं एक वाक्य तेवढं काढा.” वाक्य काढायला दहा सेकंद पुरतात. पण ते निघालं की पुढची सतरा मिनिटं सरकतात. उपशीर्षकांच्या वेळा पुन्हा तपासाव्या लागतात, संगीताचा चढ चुकीच्या जागी येतो, कापलेल्या जागी नवं दृश्य लागतं, फाइल पुन्हा काढून पुन्हा पूर्ण पाहावी लागते. त्या दहा सेकंदांचे दोन तास होतात. त्यात मालक सकाळी सांगतो, विक्री अधिकारी दुपारी उलटं सांगतो आणि ज्याची मुलाखत आहे तो संध्याकाळी तिसरंच सांगतो. म्हणून बदल एका व्यक्तीने, एका यादीत, वेळेच्या खुणांसह द्यावेत. मी आधी नुसता जोड दाखवते, त्यातली वाक्यं पक्की करून घेते आणि मगच रंग आणि उपशीर्षकांना हात लावते. वाक्यं काढायचे बदल पहिल्या फेरीत आले तर स्वस्त पडतात, शेवटी आले तर महाग. ही गोष्ट काम देणाऱ्यालाही सुरुवातीलाच सांगितली पाहिजे.

नमुन्याचे २,५०० रुपयेही विचारपूर्वक ठेवले होते. माझं काम कसं असेल याची शंका येणं रास्त आहे, आणि ती फेडायला चार भाग लागत नाहीत. पाच मिनिटांच्या तुकड्यात जोड, आवाज, रंग सगळं दिसतं. पाच तासांचं काम, पाच तासांचे पैसे. निकाल आवडला नाही तर त्यांचं नुकसान लहान आणि माझं काहीच नाही.

पैशांच्या अटीत निम्मे आधी मागितले, कारण अंतिम फाइल हातातून गेली की आपल्याकडे धरून ठेवण्यासारखं काही उरत नाही. तोपर्यंत तपासायला पाठवायचे जोड कमी दर्जाचे आणि मधोमध नावाचा शिक्का असलेले असतात. बिल कंपनीला जाणार असेल आणि वर्षभरात ५०,००० रुपयांच्या वर रक्कम होणार असेल, तर व्यावसायिक सेवा म्हणून कंपनी साधारणपणे १० टक्के टीडीएस कापते. हातात कमी आले म्हणून घाबरायचं नाही. ते आपल्या पॅनवर जमा होतात आणि विवरणपत्र भरताना हिशेबात धरले जातात. बिलावर पॅन लिहायला मात्र विसरू नये. उद्यम नोंदणीही करून ठेवावी. सरकारी पोर्टलवर ती विनाशुल्क होते आणि एकट्याने सेवा देणाऱ्यालाही करता येते. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उपक्रमाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत. लांबवले तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. नोंदणी काम घेण्याआधीची हवी. पैसे अडकल्यावर धावपळ करून फारसा उपयोग होत नाही.

पत्राला चार दिवसांनी उत्तर आलं: मालिका आवडीची आहे, पण इतकं बजेट नाही, आठ हजारांत सगळं होईल का? अशा वेळी दर उतरवण्याचा मोह होतो. पण १२,००० चं काम ८,००० ला दिलं, तर पहिला आकडा फुगवलेला होता असाच अर्थ निघतो, आणि पुढच्या वेळी ते ८,००० पासून खाली मोजायला लागतात. म्हणून दर धरून ठेवायचा आणि काम कमी करायचं. ९,००० चा तिसरा पर्याय पत्रात याचसाठी ठेवला होता. मी लिहिलं की आठ हजारांत सोळा तास बसतात. उपशीर्षकं आणि छोटे तुकडे वगळले, तर एरवी अठरा तास लागतात. त्यातून दोन तास वाचवायचे असतील तर दोघांनी मिळून ते असे वाचवता येतील: मुलाखत सत्तरऐवजी पन्नास मिनिटांत संपवावी, आणि मुलाखत घेणाऱ्याने ‘हे घ्या, हे नको’ अशा वेळेच्या खुणा करून पाठवाव्यात. त्यांना ते पटलं. पुढचे भाग त्या पद्धतीने ८,००० रुपयांत झाले, आणि खुणा आल्यामुळे माझा सोळा तासांचा अंदाजही टिकला. उपशीर्षकं त्यांच्याच कार्यालयातली एक मुलगी करू लागली. औषधांची नावं तिला माझ्यापेक्षा चांगली माहीत होती.

प्रत्येक वेळी असं जुळत नाही. पत्राला काहीच उत्तर येत नाही, किंवा “दुसरे लोक फुकट करतात” असं येतं. करत असतील. शिकणाऱ्या मुलांना हात बसवायला काम हवं असतं. त्यावर “आपलं त्यांच्याशी जमत असेल तर जरूर करा, पुढे गरज लागली तर मी आहे” एवढं लिहून थांबावं. फुकट केलेलं काम नेहमी रांगेत शेवटी जातं. पैसे देणारा दुसरा आला की त्याचा भाग आधी होतो, आणि तारीख पाळली नाही म्हणून बोलायलाही तोंड नसतं. ज्या कंपनीला छाटणीचा भाग छाटणीआधी लोकांसमोर आणायचा आहे, तिला हे हंगाम उलटल्यावर कळतं. मग ती परत येते.

मोबदला न घेता मीही काम करते. एखाद्या मैत्रिणीचा पहिला लघुपट असतो, एखाद्या गावच्या वाचनालयाची पन्नाशी असते. पण तिथे निवड माझी असते, कामाची मर्यादा आधी ठरलेली असते, आणि त्या कामातून दुसरं कोणी पैसे कमावत नसतं. अशा कामाचंही मी बिल करते. त्यात पूर्ण रक्कम लिहिते आणि खाली तेवढीच सवलत दाखवते. काम किती रुपयांचं होतं हे दोन्ही बाजूंना कागदावर दिसतं, आणि पुढच्या वेळी बोलणं शून्यावरून सुरू होत नाही. औषधं विकण्यासाठी मालिका काढणाऱ्या कंपनीला हा नियम लागू नाही.

तुम्ही एडिटर नसाल, पण कधी एखाद्या एडिटरला काम सांगणार असाल, तर पहिल्याच निरोपात चार गोष्टी कळवा: कच्चं फुटेज किती मिनिटांचं आहे, तयार भाग किती मिनिटांचा हवा, कोणत्या तारखेला हवा आणि त्यासाठी किती रुपये ठेवले आहेत. रक्कम कमी असली तरी लिहा. तेवढ्यात काय होईल ते तो तुम्हाला सांगेल.